दहा मिनिटं

नाशिकरोड, मंगळवार

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला आराखडा दोनदा वाचला. रात्री उशिरा घरी जाणाऱ्या मुलींसाठी तुम्ही तिघी जी सेवा सुरू करताय, तिच्या पहिल्याच पानावर मोठं लाल बटण आहे. संकट आलं की ते दाबायचं. बाळा, असं बटण 2017 पासून फोनमध्येच द्यायचा सरकारी नियम आहे. पॉवरचं बटण तीनदा दाबलं की 112 ला फोन जातो. नव्या टॅक्सीलाही 2019 पासून पॅनिक बटण सक्तीचं झालं. रिक्षाला मात्र तो नियम लागू नाही, आणि भांडुप स्टेशनवरून रात्री साडेबाराला तू टॅक्सीने नाही, रिक्षानेच जातेस.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. बटण दाबायला फोन हातात लागतो, त्यात चार्ज लागतो, आणि 'हे आता संकट आहे' असं मनाशी ठरवावं लागतं. रिक्षा अनोळखी गल्लीत वळली तरी मुलगी म्हणते, शॉर्टकट असेल, उगाच कशाला. ती ठरवेपर्यंत फोन तिच्या हातात राहीलच असं नाही.

मी बत्तीस वर्षं स्टेशन मास्तर होतो. आमच्याकडे गाडीने 'मी संकटात आहे' असं सांगायची वाट कुणी पाहत नसे. मागच्या स्टेशनवरून गाडी सुटली की सुटल्याची वेळ मला मिळायची. धावायला किती मिनिटं लागतात ते ठरलेलं. त्यावर पॅसेंजरला दहा आणि मालगाडीला वीस मिनिटं जास्त झाली तरी ती आली नाही, तर मागच्या स्टेशनला आणि कंट्रोलला ताबडतोब कळवायचं, हा नियम. काय झालंय ते माहीत नसलं तरी कळवायचं. तुमची सेवा या नियमावर उभी करा. मुलीने काहीच केलं नाही तर आपण हलायचं.

तुझीच रात्र घेऊ. दादरहून 11:50 ची स्लो पकडलीस, भांडुपला साधारण 12:25 ला उतरलीस. गाडीतल्या वेळेला घड्याळ लावू नका. लोकल लेट होते, मध्ये रेंज जाते, डब्यात इतर बायका असतात, रात्री पोलीसही असतो. तिथे घड्याळ लावलंत तर रोज खोटी आरोळी उठेल आणि पंधरा दिवसांत लोक सूचना बंद करून टाकतील. घड्याळ सुरू होईल ते रिक्षात बसल्यावर. 12:32 ला तू रिक्षाचा नंबर टाकून 'निघाले' दाबलंस. टेंभीपाड्यापर्यंत नऊ मिनिटं, मग रिक्षा जात नाही तिथून पायऱ्या चढायला चार. म्हणजे 12:45. तेव्हा फोन नुसता थरथरेल. 12:55 झाले, तुझं उत्तर नाही, की तुमच्या टेबलावर जागी असलेली व्यक्ती फोन करेल. उचलला नाही तर मिनिटाने पुन्हा. 12:57 ला तिसरा फोन तुझ्या वस्तीतल्या माणसाला जाईल. तो पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन बघेल. 1:02 पर्यंत तू सापडली नाहीस तर 112, आणि सांगायला रिक्षाचा नंबर, कुठून निघालीस आणि किती वाजता, एवढं हाताशी तयार.

तिसरा फोन मला नको. तुझ्या आराखड्यात 'घरच्यांना मेसेज' असं लिहिलंय. मी नाशिकला आहे, पायऱ्यांपर्यंत पोहोचायला मला चार-पाच तास लागतील, आणि रात्री एकला तुझ्या आईचा फोन सायलेंटवर असतो. पाच मिनिटांत पायी येऊ शकेल असाच माणूस यादीत हवा, आणि त्याने आधी होकार दिलेला हवा. तुझ्या चाळीतल्या शिंदेकाकूंना विचार. प्रत्येक मुलीमागे अशी दोन माणसं नसतील तर तिची नोंदणीच करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शेअर रिक्षाचं. तीन प्रवासी असताना मुलीला धीर असतो, पण दोघं मध्येच उतरले की ती एकटी उरते. घड्याळ तेच ठेवा, पण 'शेवटची मी' अशी एक खूण तिला टाकता येऊ दे. फोन करणाऱ्याला त्या एका खुणेने बरंच कळेल.

फोन उचलला गेला, पण शेजारी बसलेल्याने धमकावून 'हो, पोहोचले' म्हणायला लावलं तर? लांबच्या रेल्वे फाटकावर गेटमनला मी फोन करून फाटक बंद करायला सांगायचो. त्याचं नुसतं 'बंद केलं' चालत नसे. त्याने आपल्या कागदावरचा पुढचा दोन आकडी प्रायव्हेट नंबर सांगायचा, मी तो लिहून घ्यायचा, तेव्हा ते पक्कं. एकदा वापरलेला नंबर खोडायचा. तसा एक दोन आकडी नंबर मुलीला रोज संध्याकाळी द्या. फोनवर तोच विचारा. तिने दुसरा कुठलाही आकडा सांगितला की शेजाऱ्याला न पाठवता थेट 112. चुकीचा आकडा पाठ करायची गरज नाही आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

'फोन घराजवळ आला की आपोआप पोहोचली समजायचं' हे कलम मात्र काढून टाक. उंच इमारतींमध्ये जीपीएस पन्नास-साठ मीटर सहज चुकतो, आणि तुझ्या गल्लीत तेवढ्या अंतरात तीन वळणं आहेत.

शिवाय एक रात्र मी विसरलो नाही. पावसाळा होता, हातात दिवा घेऊन मी प्लॅटफॉर्मवर उभा, मालगाडी न थांबता धडधडत गेली. इंजिन गेलं, डबे गेले, आणि शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा दिसला नाही. गाडी वेळेवर आली होती, डोळ्यांसमोरून गेली होती, तरी ती पूर्ण आली असं मी कळवलं नाही. तुटलेले डबे मागे राहिले असतील तर त्यांच्यावर दुसरी गाडी चढली असती. पुढच्या स्टेशनला सांगून मालगाडी थांबवली. तपासलं तर डबे सगळे होते, नुसता दिवा विझला होता. उशीर झाला, पण मला कुणी बोल लावला नाही. तुमच्याकडेही चुकून केलेल्या फोनबद्दल शेजाऱ्याला किंवा मुलीला कुणी कधीच बोलू नये, हे पहिल्या दिवसापासून ठरवा. 'पोहोचले' हे मुलीने आत जाऊन, दाराला कडी लावल्यावरच दाबायचं. पायऱ्यांच्या तोंडाशीच दाबलं तर पायऱ्या हिशेबातून सुटतात.

आणि या सगळ्या नोंदी दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पुसून टाका, रिक्षाच्या नंबरसकट. कुठली मुलगी कुठल्या रात्री एकटी कुठे उतरते ही यादी चुकीच्या हाती गेली तर तीच धोका आहे. गुन्हा नोंदला असेल तर तेवढीच नोंद ठेवायची.

शनिवारी सकाळी पंचवटीने येतोय. रात्री साडेबाराला आपण भांडुप स्टेशन ते टेंभीपाडा चार फेऱ्या मारू, दोन एकट्या रिक्षाने, दोन शेअरने, आणि पायऱ्यांसकट वेळ लिहून काढू. वर लिहिलेली नऊ आणि चार मिनिटं माझ्या अंदाजाची आहेत. शिंदेकाकूंना जागं राहायला सांग, त्यांच्या घरापासून पायऱ्यांच्या तोंडापर्यंतची वेळही लिहायची आहे.

तुझा,
बाबा