आत्याच्या मृत्युपत्राबद्दल आणि पुढच्या वर्षभराच्या कामाबद्दल

पुणे, 10 मे 2026

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

आत्याच्या मृत्युपत्राबद्दल फोनवर बोलायचं टाळत होतो, कारण अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवरून घरात गैरसमज होतात. म्हणून लिहून कळवतो. हेच सगळं नितीनदादाला आणि काकांनाही लेखी दिलं आहे. तिघांकडे एकच मजकूर असावा.

आत्याने मृत्युपत्र पुण्यात दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं आहे. त्यात मला व्यवस्थापक, म्हणजे वकिली भाषेत एक्झिक्युटर, नेमलं आहे. कोथरूडचा फ्लॅट तुला आणि नितीनला निम्मा निम्मा. गावच्या जमिनीतला तिचा हिस्सा नितीनला. लॉकरमधले दागिने तुला. कामाच्या मावशींना 3 लाख रुपये. देणी भागवून बँकांत जे उरेल ते तुम्हा दोघांना समसमान. मला आणि काकांना काही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मृत्युपत्र नसतं तर सगळं आम्हा दोघा भावांनाच आलं असतं. आत्याचं लग्न झालेलं नव्हतं आणि आई-अण्णा आधीच गेलेले. म्हणजे ज्यांना कायद्याने मिळालं असतं ते वेगळे आणि ज्यांना तिने दिलं ते वेगळे. अशा ठिकाणी कागद चोख लागतात.

पहिला कागद साक्षीदारांचा. मृत्युपत्र नोंदवलेलं असलं म्हणजे ते सिद्ध झालं असं नव्हे. कोणी हरकत घेतली तर दोनपैकी किमान एका साक्षीदाराने कोर्टात सांगावं लागतं की सही माझ्यासमोर झाली. आत्याचे एक साक्षीदार तिचे डॉक्टर आहेत, दुसरे शेजारचे गृहस्थ, वय 78. दोघांची प्रतिज्ञापत्रं मी याच महिन्यात नोटरीसमोर करून घेतो. कोर्टातल्या साक्षीची जागा ती घेणार नाहीत, पण सोसायटी, तलाठी आणि बँक यांचं समाधान बहुतेक तेवढ्याने होतं. मूळ मृत्युपत्र मी कुठेच ठेवून देणार नाही. ते दाखवायचं, आणि द्यायची ती निबंधकाकडून काढलेली प्रमाणित प्रत. अशा चार प्रती आणि मृत्युदाखल्याच्या दहा प्रती काढल्या आहेत.

प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाकडून दाखला घेण्याची, सक्ती आपल्याला नाही. कोणी लेखी हरकत घेतली तरच जिल्हा न्यायालयात जाऊ. मात्र तसं झालं तर खाली दिलेल्या तारखा विसरायच्या. वादातलं प्रोबेट दाव्यासारखं चालतं आणि वर्षं खातं.

आता पैशांकडे येतो, कारण घोळ व्हायची शक्यता इथेच जास्त. आत्याच्या 17 लाखांच्या ठेवींवर माझं नाव नॉमिनी म्हणून आहे, आणि सहकारी बँकेतल्या 9 लाखांच्या ठेवीवर काकांचं. बचत खात्यात 3 लाख 40 हजार आहेत. काकांना वाटतं की ताईने त्यांचं नाव घातलं म्हणजे ती ठेव त्यांना दिली. असं वाटणारे ते एकटे नाहीत. बँक पैसे नॉमिनीलाच देते आणि दिले की तिची जबाबदारी संपते, पण घेणारा मालक होत नाही. तो ती रक्कम खऱ्या हक्कदारांसाठी सांभाळतो, एवढंच. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी दिला. तो दावा ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातलाच होता. काकांना मी हे वाद म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं आहे. बँकेकडून रक्कम त्यांनीच घ्यावी, मग ती मी उघडतो आहे त्या मालमत्तेच्या स्वतंत्र खात्यात भरावी आणि माझ्याकडून पावती घ्यावी. माझ्या नावाच्या ठेवींचे पैसेही त्याच खात्यात जातील. माझ्या स्वतःच्या खात्यातून एक रुपयाही फिरणार नाही, नाहीतर हिशेब कोणाला पटवता येणार नाही.

कागद पूर्ण असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेने असा दावा 15 दिवसांत निकाली काढायचा असतो. उशीर होतो तो बहुधा आपल्याच बाजूने. ठेवीच्या पावतीवर एक आद्याक्षर आणि मृत्युदाखल्यावर दुसरं, अशी नावातली तफावत निघते. आत्याच्या बाबतीत ती निघालीच आहे. एका पावतीवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडतो आहे.

अंदाजे हिशेब असा पडतो. ठेवी आणि बचत मिळून 29 लाख 40 हजार. त्यातून सर्वांत आधी पेन्शन परत करायची. आत्या 11 एप्रिलला गेली, आणि 30 तारखेला पूर्ण महिन्याचे 36,000 जमा झाले. तिचा हक्क अकरा दिवसांचा, म्हणजे 13,200 चा. उरलेले 22,800 बँक कापून घेईलच, म्हणून त्या खात्याला कोणी हात लावायचा नाही. एटीएम कार्ड माझ्याकडे आहे आणि ते मी कापून टाकलं आहे. मग हॉस्पिटलची बाकी आणि अंत्यसंस्काराचा खर्च 2 लाख 10 हजार. सोसायटीची थकबाकी, मिळकतकर, वीज मिळून 30 हजार. जाहीर नोटीस, नोटरी, वकील, करविवरण यांना 60 हजार धरले आहेत, आणि वर्षभर फ्लॅट सांभाळायला महिना 5,000 प्रमाणे आणखी 60 हजार. राहतात 25 लाख 57 हजार 200. मावशींचे 3 लाख गेले की तुम्हा दोघांना प्रत्येकी 11 लाख 28 हजार 600. ठेवींवरचं पुढचं व्याज यात धरलेलं नाही.

काकांकडचे 9 लाख आले नाहीत तर हाच आकडा 6 लाख 78 हजार 600 वर येतो. मावशींच्या पैशांना मात्र धक्का लागत नाही, कारण त्यांना ठरावीक रक्कम दिलेली आहे आणि तुम्हाला ‘उरेल ते’. तूट पडते ती आधी उरलेल्यातून. म्हणून मावशींचे पैसे देणी भागताच, सप्टेंबरमध्ये देऊन टाकावेत असं माझं मत आहे. तुझी हरकत असेल तर आत्ताच कळव.

फ्लॅटसाठी सोसायटीकडे जूनमध्ये अर्ज करतो. तिथेही नॉमिनी मीच आहे. सेक्रेटरी म्हणतात, आधी तुम्हाला सभासद करतो, मग पुढचं बघू. त्याची गरज नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154ब-13 प्रमाणे मृत्युपत्राच्या आधारे भाग आणि हक्क थेट तुमच्या नावे करता येतात. नॉमिनी आला तरी तो वारस नोंदले जाईपर्यंतचा तात्पुरता सभासद. सोसायटी वर्तमानपत्रात हरकतींची नोटीस देईल, आणि हरकत न आल्यास भागपत्रावर तुमची नावं चढतील. हस्तांतर शुल्क आणि प्रवेश फी मिळून 600 रुपये. वारसांकडून प्रीमियम घेता येत नाही, तो मागितला तर देणार नाही.

फ्लॅट विकायचा की ठेवायचा हे तुम्ही दोघांनी ठरवा, पण भागपत्र नावावर झाल्याशिवाय कोणाकडून टोकन घेऊ नका. विकलात तर नफा मोजताना आत्याची मूळ खरेदी किंमत धरतात. तू अनिवासी आहेस, म्हणून तुझ्या निम्म्यावर खरेदीदाराला नितीनपेक्षा खूप जास्त कर कापावा लागेल. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून सौद्याआधी काढता येतो, सौद्यानंतर त्याचा उपयोग नाही.

जमिनीचं काम नितीनचं आहे, तरी एक गोष्ट तुलाही कळलेली बरी. सातबारावर आम्हा तिघा भावंडांची नावं सामाईक आहेत. तलाठ्याला नुसता मृत्युदाखला दिला तर तो वारस नोंद घालतो आणि आत्याच्या जागी माझं व काकांचं नाव लागतं. ते मग अपिलात जाऊन काढावं लागतं. म्हणून अर्जावरच ‘मृत्युपत्राने फेरफार’ असं स्पष्ट लिहून, तीन महिन्यांच्या मुदतीत, म्हणजे 11 जुलैच्या आत तो दाखल होईल.

जुलैअखेर तिचं सरलेल्या वर्षाचं आयकर विवरण मी कायदेशीर प्रतिनिधी म्हणून भरेन. 12 एप्रिलपासूनचं व्याज तिचं नव्हे, मालमत्तेचं उत्पन्न. त्याचं विवरण वेगळं, आणि ते पुढच्या वर्षी जाईल. त्यामुळे डिसेंबरमध्ये तुम्हा दोघांना प्रत्येकी 8 लाख द्यायचे, आणि बाकीची रक्कम पूर्ण हिशेबासह एप्रिल 2027 मध्ये, असा माझा प्रस्ताव आहे. त्यातूनही करासाठी 1 लाख मागे ठेवीन. काकांकडची ठेव तोवर आली नाही, तर डिसेंबरचा हप्ता 4 लाखांचा. मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत वाटप करायला व्यवस्थापक बांधील नसतो. ही सवलत कायद्याने उशिरा उगवणाऱ्या देण्यांसाठीच ठेवली आहे, आणि हॉस्पिटलच्या विम्याचं एक प्रकरण अजून उघडंच आहे.

तुझ्याकडून मला जूनच्या 15 तारखेपर्यंत पॅन आणि पासपोर्टची प्रत, एनआरओ खात्याचा तपशील, आणि सोसायटीच्या कामापुरतं मुखत्यारपत्र हवं आहे. मुखत्यारपत्र सिडनीत नोटरीसमोर सही करून त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का, घे. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, म्हणून पाठवण्याआधी मला कळव. त्यात विक्रीचा अधिकार घालू नकोस, मलासुद्धा देऊ नकोस. दादाच्या किंवा काकांच्या सांगण्यावरून कुठल्याही हक्कसोड पत्रावर सही करू नकोस. असं काही आलं तर आधी मला पाठव.

लॉकर 22 जूनला उघडायचं ठरलं आहे. बँकेचे अधिकारी, दोन साक्षीदार, नितीन आणि मी असू. यादी तिथेच वजनासह करून सगळ्यांच्या सह्या घेऊ. तुला व्हिडिओवर हजर राहायचं असेल तर सकाळी साडेअकराची वेळ आहे, तुझ्याकडे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतील.

तुझा,
बाबा