पाच बल्ब, एकेक करून

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

मोबाइलवरून चालणाऱ्या बल्बचं पार्सल पोहोचलं ना? पाचही पिनचेच आहेत, आपल्या होल्डरमध्ये बसतील. सगळे लावून घ्या, पण बटणं बंदच ठेवा. एका वेळी एकच बल्ब चालू करायचा. पाचही एकदम लुकलुकायला लागले तर ॲपच्या यादीत कुठला देवघरातला आणि कुठला स्वयंपाकघरातला, हे कळणार नाही.

आधी मोबाइल घरच्या वाय-फायवर घ्या. राउटरची दोन नावं दिसतात, त्यातलं शेवटी 5G नसलेलं निवडा. हे बल्ब फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, दुसरं त्यांना दिसतच नाही. मोबाइलचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू असू द्या.

आता देवघरातल्या बल्बचं बटण चालू करा. तो भरभर लुकलुकेल. Smart Life ॲप उघडून + दाबा, मग Add Device. बल्ब दिसला की वाय-फायचा पासवर्ड टाका. लुकलुकणं थांबून उजेड स्थिर झाला की जोडला गेला. लगेच त्याला 'देवघर' नाव द्या, बटण बंद करा आणि पुढच्याकडे वळा. पासवर्ड पुढच्या वेळी ॲप बहुधा स्वतःच भरतं.

एखादा अडेल, बहुतेक व्हरांड्यातला. तो लुकलुकत नसून नुसता पेटलेला असेल, तर त्याला रीसेट करावं लागेल. बटण चालू-बंद, चालू-बंद, मग चालू, असं तिसऱ्यांदा पेटल्यावर तो लुकलुकायला हवा. काही बल्बना पाच वेळा लागतं, खोक्यातल्या कागदावर आकडा असतो. बाबा, इथे घाई करू नका. बंद केल्यावरही बल्बमध्ये क्षणभर वीज उरते. तो पुरता विझायच्या आत पुन्हा पेटवला तर ती खेप मोजलीच जात नाही. दर वेळी सेकंदभर चालू, दोन सेकंद बंद.

लुकलुकतोय, तरी ॲपमधलं चक्र फिरून शेवटी नकार येतो? मग पासवर्डातलं लहान-मोठं अक्षर तपासा. तेही बरोबर असेल तर बटण बंद करून तो बल्ब काढा आणि राउटरजवळच्या दिवाणखान्यातल्या होल्डरमध्ये लावून जोडा. तिथे जोडला गेला म्हणजे बल्ब चांगला आहे, व्हरांड्यात रेंज पोहोचत नाही इतकंच. परत जागेवर लावल्यावर त्याला वाय-फाय आठवतं, पुन्हा जोडायची गरज नाही. तिथे तो ॲपमध्ये Offline दिसत राहिला, तर राउटर खिडकीकडे सरकवून बघा.

आई, रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची तुझी सवय या पाचांपुरती सोड. बटण बंद असलं की मोबाइलवरून काहीच होत नाही. आणि वीज तीन-चारदा ये-जा करून एखादा बल्ब आपोआप लुकलुकायला लागला तर घाबरू नकोस, त्याला रीसेट केल्यासारखंच वाटलेलं असतं. तो तेवढा पुन्हा जोडायचा.

तुमची,
मनू