हजार विटांचा खर्च : भागाकार कितीने करायचा?

मा. संपादक,
स. न.

विटांचे भाव वाढल्याच्या बातमीत आपल्या वार्ताहराने हजार विटांचा खर्च ४,७०० रुपये दिला आहे आणि भट्टीवाल्यांच्या नफ्याबद्दल टोला हाणला आहे. आकडा चुकीचा नाही. पण तो थापलेल्या विटेचा आहे, विकल्या जाणाऱ्या विटेचा नाही. फरक कुठे पडतो ते पवनी तालुक्यातल्या आमच्या एका भट्टीच्या वहीवरून सांगतो. दर आमच्या भागातले आहेत, दुसरीकडे थोडे इकडेतिकडे होतील.

भट्टी एक लाख कच्च्या विटांची धरा. नऊ-चार-तीन इंची विटेला ढोबळमानाने हजारामागे एक ब्रास माती लागते. खोदाई, ट्रॅक्टर आणि रॉयल्टी धरून ब्रास ११०० रुपयांना पडतो, म्हणजे मातीचेच १,१०,००० झाले. धानाचा कोंडा आणि राख मातीत मिसळायला २०,००० लागतात, थापणीची मजुरी हजारी ९०० प्रमाणे ९०,०००, आणि पाणी, डिझेल, जागेचे भाडे ३०,०००. एकूण अडीच लाख, म्हणजे वीट अजून आगीजवळही गेलेली नाही तोच हजारी २,५०० खर्ची पडले.

यातल्या सहा हजार विटा वाळताना तडकतात, कुत्रीगुरे तुडवतात किंवा उचलताना फुटतात. उरलेल्या ९४ हजार वाहून भट्टी रचायला २८,२०० लागतात. वीस टन कोळसा घरपोच साडेसहा हजारांनी १,३०,००० आणि पेटवणीची लाकडे व जाळणाऱ्याची मजुरी ११,८००. भट्टी उतरवून निवड करायला २०,०००, मजुरांच्या उचलीवरचे व्याज, झोपड्या आणि आणणे-पोचवणे ३०,०००. एकूण ४,७०,०००. याला एक लाखाने भागले की बातमीतला आकडा येतो.

पण भट्टी उघडली की ८० हजारच अव्वल निघतात. बाहेरच्या थरातल्या दहा हजार पिवळ्या, अर्धवट भाजलेल्या असतात, कारण तिथली आंच वाऱ्यावर जाते. बाकीचे चार हजार म्हणजे तुकडे आणि आतल्या भागातले, जास्त आंच लागून वितळून चिकटलेले खंगर. पिवळ्या अडीच हजार भावाने २५,००० देतात, तुकडे भरावासाठी पाचेक हजार. ते ३०,००० वजा करून उरलेल्या ४,४०,००० ला ८० हजाराने भागा. अव्वल वीट हजारी ५,५०० ला पडली. यात माझा एक पैसाही नफा नाही.

हे झाले चांगल्या साली. मार्चमध्ये अवकाळी आली की हिशेब बिघडतो. ताडपत्रीने ढिगाचा माथा वाचतो, पण पाणी खालून शिरते. तळची ओळ चिखल होते आणि वरची रांग तिच्यावर कलंडते. समजा आणखी १५ हजार कच्च्या विटा गेल्या. वाहतूक, उतरवणी आणि कोळसा मिळून साधारण २४,००० वाचतात, पण बाहेरचा थर लहान भट्टीलाही जवळपास तेवढाच असतो, म्हणून पिवळ्या विटा काही कमी होत नाहीत. अव्वल ६६ हजारच निघतात आणि हजारी खर्च ६,३०० च्या आसपास जातो. विरघळलेली माती पुन्हा वापरली तरी सहा हजारांच्या खाली उतरत नाही.

याच वेळी आमच्यातले काही जण घाई करतात. वीट मध्यावर तोडून पाहावी. आत काळपट ओल दिसली तर अजून चार दिवस उन्हात ठेवावी. ओली वीट रचली की कोळसा आधी पाणी उडवण्यात जातो, वीट तडकते, आणि मालक दोष जाळणाऱ्याला देतो.

दुसरे काम त्याहून वाईट आहे. पावसात गेलेल्या विटा मजुराच्या मोजणीतून कापायच्या, किंवा हजाराला पन्नास जास्त मोजून घ्यायच्या. थापलेल्या विटेचे काम संपले, ती वाळत घातल्यावर तिचा धोका मालकाचा. उचल देऊन माणूस बांधला म्हणून पाऊसही त्याच्याच खात्यात टाकायचा, हे मला पटत नाही. हे नुकसान किमतीत उघड धरायचे असते, म्हणूनच चांगल्या सालचा ५,५०० आणि अवकाळीतला ६,३०० असे दोन्ही आकडे सांगतो आहे.

आपण भाव छापता तेव्हा दर्जा लिहावा आणि भट्टीवरचा की दारापर्यंतचा तेही लिहावे. ट्रॉली पलटून उतरवलेल्या विटांत आणि हाताने उतरवलेल्या विटांत फुटीचा फरक पडतो, आणि घरकुलवाल्याला तो दारात उभे राहून सोसावा लागतो. अव्वलचा भाव मागून पिवळी मिसळून देणाऱ्याला ओळखायला दोन विटा एकमेकींवर आपटून बघाव्यात. अव्वल खणखणते, पिवळी धप्प वाजते.

आपला,
एक भट्टीधारक, ता. पवनी, जि. भंडारा