वैशाख पौर्णिमेची मांडणी

प्रिय आई-बाबा,

सप्रेम जयभीम.

बुद्धपौर्णिमेचा फोटो पाहून आईने विचारलं, "एवढ्याशा सामानात घर असं कसं दिसलं?" आणि बाबांनी विचारलं, "निळं कुठंय?" फोनवर दोघांना एकदम उत्तर देता येईना, म्हणून लिहायला बसले.

आधी बाबांचं. पंचशील ध्वज गॅलरीच्या कठड्याला बाहेरून लावला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. बाबासाहेबांच्या फोटोत त्यांचा निळा कोट आहेच. बाकी खोलीत मात्र मी मुद्दाम पांढरा आणि फिका पिवळा, एवढेच दोन रंग ठेवले. वंदनेला आपण पांढरे कपडे घालतो, मग भिंतीलाच झगमगीत माळा कशाला?

आता रंगांची गंमत सांगते, कारण फोटोत ती कळत नाही. फिका पिवळा रंग रात्री फसवतो. वॉर्म व्हाइट बल्ब, म्हणजे खोक्यावर 2700K लिहिलेला, आणि दिव्याची ज्योत, दोन्हींचा प्रकाश मुळातच पिवळट. त्यात पांढरं कापड पिवळसर होतं आणि फिकं पिवळं कापड पांढऱ्यासारखं दिसायला लागतं. दुपारी स्पष्ट वेगळे दिसणारे दोन रंग संध्याकाळी एकच होऊन बसतात. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हे कळत नाही. म्हणून मी कापडाचा तुकडा घरी आणून, दिवे मालवून, त्याच बल्बखाली पाहिला. शेवटी कापड सगळं पांढरंच ठेवलं. खाली गुळगुळीत सुती चादर आणि त्यावर जाड विणीचा खादीचा पंचा. रंग एकच, पण पोत वेगळा, त्यामुळे खादीच्या विणीत बारीक सावल्या पडतात आणि मांडणी सपाट वाटत नाही. पिवळं आणायचं काम फुलांवर सोडलं. आणि आई, नीळ घातलेलं कापड वापरू नकोस. धुवट पांढऱ्या कापडाशेजारी ते निळसर दिसतं आणि दुसरं कापड उगाच मळकं वाटायला लागतं. आजीची पांढरी साडी पाठवू का म्हणालीस, ती ट्रंकेतच राहू दे. तेलाचा एक थेंब पडला तर मला झोप लागणार नाही.

फुलं म्हणजे पांढरा चाफा. पाकळ्या पांढऱ्या आणि गळ्याशी पिवळा, मला हवे होते ते दोन्ही रंग एकाच फुलात. वैशाखात तो भरभरून फुलतो आणि विकत घ्यावा लागत नाही. सोसायटीच्या फाटकापाशी झाड आहे, सकाळी खाली सडा पडलेला असतो. फांदीवरून तोडलं तर देठातून पांढरा चीक गळतो आणि कापडावर डाग धरतो. आपसूक पडलेल्या फुलाला हा त्रास नसतो. मी पसरट काचेच्या थाळीत दोन बोटं पाणी घालून फुलं उताणी तरंगत ठेवली. देठ पाण्यात, तोंड वर. उन्हाळ्यात फुलं कोरडीच मांडली तर दुपारपर्यंत कडा तपकिरी पडतात, पाण्यावर ती रात्रीपर्यंत टिकली. शेजारी मोगऱ्याच्या कळ्या ठेवल्या, बस्स. हार घातलाच नाही. 'पुप्फं मिलायाति यथा इदं मे' म्हणताना कोमेजायला लागलेलं फूल समोर असलं तर बिघडलं काय?

सगळ्यात जास्त विचार दिव्यांचा केला. आपण नेहमी मेणबत्त्या मूर्तीच्या पायाशी लावतो. उजेड खालून वर जातो, हनुवटी आणि नाकाची खालची बाजू उजळते आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली राहते. शांत चेहरासुद्धा मग उग्र वाटतो. दोन्ही बाजूंनी सारखाच प्रकाश टाकला तर चेहऱ्याचा उठाव जातो. म्हणून एक छोटा पाच वॅटचा बल्ब मूर्तीच्या डावीकडे, तिच्या डोक्यापेक्षा थोडा उंच, पुस्तकांच्या कपाटाआड ठेवला आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं. बल्ब दिसत नाही, भिंतीवरून परतणारा मऊ उजेड तेवढा चेहऱ्यावर येतो. दिवे पायाशी न ठेवता दोन्ही बाजूंना हातभर दूर सरकवले. त्यामुळे बाबासाहेबांच्या फोटोचाही प्रश्न सुटला. काचेत ज्योतींचं प्रतिबिंब नेमकं त्यांच्या चेहऱ्यावर येत होतं. फोटोची वरची कड भिंतीपासून जराशी पुढे झुकवली आणि चकाकी गेली.

तुमच्याकडे मात्र उघडे दिवे चालायचे नाहीत. मे महिन्यातल्या नागपुरात कूलर बंद करा असं मी सांगणार नाही, बाबा ऐकणारही नाहीत. शिवाय त्या उकाड्यात बारीक मेणबत्त्या न पेटवताच वाकतात. त्यापेक्षा जाड बुडाचे काचेचे पेले घे. अर्ध्याहून थोडं जास्त पाणी, त्यावर दोन मोठे चमचे तिळाचं तेल. पाण्यावर तेल तरंगतं आणि तेलावर बुचाच्या चकतीतली वात. ज्योत काठापेक्षा दोन-तीन बोटं खाली राहिली की कूलरचा झोत तिला लागत नाही. पेला अरुंद आणि खोल असला तर हवा पुरत नाही, ज्योत लाल होते आणि काचेला काजळी धरते. तसं दिसलं तर थोडं पाणी वाढव, म्हणजे ज्योत वर येईल. हा दिवा मी तुमच्यासाठी निवडला त्याचं खरं कारण वेगळंच आहे. तेल संपलं की वात पाण्याला टेकते आणि दिवा आपोआप विझतो. बाबा खुर्चीत डुलक्या घेत असले तरी काळजी नाही. विझताना जरा तडतडतो, तेवढ्याने घाबरू नका. पडदा मात्र लांब सारून ठेवा.

वंदना झाल्यावर, खीर खाऊन, नऊच्या सुमारास मी बल्बही बंद केला. चंद्र तोवर समोरच्या इमारतीच्या वर आला होता. उन्हाळ्यातली पौर्णिमा पूर्वेला नाही, आग्नेयेकडे उगवते. डिसेंबरात सूर्य जिथून वर येतो, साधारण तिथूनच. आणि हिवाळ्यातल्या सूर्यासारखाच हा चंद्र आकाशात खालून जातो, म्हणून चांदणं खिडकीतून बरंच आत येतं. आपल्या घरी थंडीत सकाळचं ऊन मधल्या खोलीच्या खिडकीतून येतं ना, जिथे आई गुडघे शेकत बसते? पुढच्या वैशाखात मांडणी त्याच खोलीत करायची. टेबलावरच करा. चौरंग नको, आईला दर वेळी खाली वाकावं लागेल.

पेले, चकत्या आणि वाती मी पार्सलने पाठवते. बल्बसुद्धा पाठवला असता, पण मधल्या खोलीतल्या टेबललॅम्पचा होल्डर पिनचा आहे की आट्यांचा, हे मला आठवत नाही. बाबांना बघून कळवायला सांग, आणि आधी स्विच बंद करायला सांग.

तुमची,
शीतल