डब्याच्या झाकणाचं गुपित आणि नऊ कार्डं

ताई, सप्रेम नमस्कार.

बालवाडीच्या दारात मुलं घ्यायला आलेल्या आयांच्या गर्दीत नीट बोलणं होत नाही, म्हणून हे पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. आणि उघड लिहितेय ते एवढ्यासाठी, की मी केलेल्या चुका इतर आयाबापही करत असणार.

जूनमध्ये मी तुमच्याकडे आले तेव्हा माझं एकच वाक्य होतं, "हा फार रागीट आहे हो." साडेचार वर्षांचा मुलगा. डबा भिरकावतो, धाकटीला ढकलतो, वीस वीस मिनिटं रडतो. तुम्ही विचारलंत, "राग आलाय हे तो सांगतो, की तुम्ही?" मी गप्प.

मी काहीच केलं नव्हतं असं नाही. इंटरनेटवरून चोवीस चेहऱ्यांचा इंग्रजी तक्ता छापून भिंतीवर लावला होता. पोराने तो एबीसीडीसारखा पाठ केला. 'फ्रस्ट्रेटेड' आणि 'अ‍ॅनॉइड' यांतला फरक मलाही सांगता आला नसता, आणि आमच्या घरात हे शब्द कुणी उच्चारतही नाही. तुम्ही तो उतरवायला लावलात. पोस्टकार्डाएवढे चार पुठ्ठे दिलेत: आनंद, राग, भीती, वाईट वाटणं. चेहरे मात्र त्याचेच हवेत म्हणालात. मग आरशासमोर बसून आम्ही फोटो काढले. रागाच्या फोटोत त्याला हसू आवरेना, पाचव्या खेपेला जमलं. चार नीट ओळखता येईपर्यंत पाचवं काढायचं नाही, हा तुमचा दंडक.

प्रत्येक कार्डाच्या मागे एका मुलाची आकृती होती, आणि 'हे अंगात कुठे होतं?' असं विचारून तिथे रंग भरायचा होता. मला वाटलं, एवढ्याशा पोराला काय सांगता येणार! त्याने रागाच्या मुठी लाल केल्या आणि भीतीच्या पोटात हिरवा ठिपका काढून म्हणाला, "इथे बेडूक उड्या मारतो." मोठी माणसं पोटात गोळा आला म्हणतात, त्याच्या पोटात बेडूक. आता शाळेत नवीन काही असलं की तो सकाळीच सांगतो, "बेडूक आलाय." पूर्वी त्याच सकाळी बूट घालण्यावरून रणकंदन व्हायचं.

मोठी चूक त्यानंतरची. तो जमिनीवर लोळून किंचाळत असताना मी कार्डं पुढे धरली, "दाखव, तुला काय वाटतंय?" त्याने 'आनंद'चा कोपरा चावून तोडला. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "तहान लागल्यावर विहीर खोदायला बसलात." मूल भडकलेलं असताना त्याच्या डोक्यात शब्द शिरत नाहीत. शिकवायचं ते निवांत वेळी, रात्रीच्या जेवणानंतर दोन-तीन मिनिटं, तेही खेळातल्या हत्तीवर. हत्तीची केळी संपली, हत्तीला काय वाटलं? भडका उडाल्यावर फक्त जवळ बसायचं, कमी बोलायचं, कुणाला लागणार नाही एवढं बघायचं. कार्ड सगळं निवल्यावर.

निवण्यासाठी तुम्ही कासव दिलंत. ही युक्ती 1970च्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी तयार झाली असं तुम्ही सांगितलंत, पण पोराला दाखवलंत ते देवळात गाभाऱ्यासमोरच्या फरशीतलं कासव. त्याच्या आजीने लगेच गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं अवयव आत ओढून घेणारं कासव काढलं, त्यामुळे आमच्या घरी ते फारच लवकर रुळलं. थांबायचं, हात पोटाशी घ्यायचे, मान आत, तीन फुंकरी, मग मान बाहेर. फुंकरीवरच आमचा आठवडा गेला. तो वाढदिवसाची मेणबत्ती विझवल्यासारखा जोरात फुंकायचा आणि आणखी चेकाळायचा. मग तुम्ही त्याच्या तळहातावर कापसाचा बोळा ठेवलात: कापूस थरथरला पाहिजे, उडता कामा नये. एवढ्याने श्वास आपोआप लांब आणि हलका झाला.

दाराआडच्या कोपऱ्यात आजीची गोधडी घातली, ती कासवाची जागा. आणि एकदा आजोबा वैतागून ओरडले, "जा, कासव हो जा!" झालं. त्या कोपऱ्याची शिक्षा झाली, पोरगा आठ दिवस तिकडे फिरकला नाही. तुम्ही म्हणालात, आता त्याला पाठवू नका, तुम्हीच जाऊन बसा. दूध उतू गेलं त्या सकाळी मी खरंच गोधडीवर जाऊन फुंकरी मारल्या. तो आला, सगळी कार्डं चाळली आणि म्हणाला, "तुझं कार्डच नाहीये." त्या दिवशी 'वैताग' तयार झालं, त्यावर माझा फोटो आहे.

आता डब्याचं. ऑगस्टमध्ये सलग चार दिवस तो घरी येऊन डबा फेकत होता, न खाल्लेला. मी 'राग' धरूनच चालले होते. त्या सुमारास रुसवा, कंटाळा, हिरमुसणं आणि लाज ही कार्डं आली होती, एकेका आठवड्याला एक. चौथ्या दिवशी कासव झालं, पाणी पिऊन झालं, आणि मी तुमच्या सांगण्याप्रमाणे 'का केलंस?' विचारलं नाही. दोन कार्डं समोर ठेवून म्हटलं, "मला वाटतं हे असेल, किंवा हे. की तिसरंच?" एक राग, एक हिरमुसणं. त्याने दोन्ही बाजूला सारली आणि गठ्ठ्यातून 'लाज' काढलं. बराच वेळ गप्प. मग कळलं, नव्या डब्याची कडी त्याला उघडत नव्हती, एक मुलगा हसला होता, म्हणून तो डबा उघडतच नव्हता. उपाशी पोटी घरी येऊन तो त्या डब्याचाच सूड उगवत होता. दुसऱ्या दिवशी साधा, वरून उचलायच्या झाकणाचा डबा दिला. मी रागावर उपाय शोधत बसले असते तर कडीपर्यंत कधी पोचलेच नसते.

सगळं गोड झालंय असं मात्र लिहीत नाही. भूक लागलेली असेल किंवा झोप अनावर झाली असेल तर कासवबिसव काही चालत नाही, तेव्हा आधी वरणभात. मधे त्याने नवीन शोध लावला होता: धाकटीला चापट मारून शांतपणे 'राग' कार्ड दाखवायचं. "राग येऊ दे, मारायचं नाही," हे तुमचं वाक्य मी तेव्हापासून दिवसातून किती वेळा म्हणते त्याला गणती नाही. आणि दोन वर्षांच्या धाकटीला कार्डं दाखवायची घाई मी केली, तिने ती चोखली. तिच्यासाठी सध्या नुसतं बोलते, "बाहुली पडली, वाईट वाटलं ना."

ताई, तुम्ही दर शनिवारी दहा मिनिटं थांबून माझं ऐकलंत, त्याचे पैसे कुठल्या फीमध्ये नव्हते. मनापासून आभार.

तुमची चार कार्डं सोमवारी परत पाठवते, नंतरची पाच आता घरची झाली आहेत. 'आनंद'चा कोपरा नाहीये, आणि 'भीती'वर वरणाचा डाग आहे. पुसून पाहिला, जात नाही.

तुमची,
कासवाची आई