काकूंच्या मनी प्लांटची सोय

लातूर, २८ एप्रिल

प्रिय सुनंदा,

पाडव्याला तुझा फोन आला, ‘संध्याकाळी करते’ म्हणाले आणि महिना गेला. राग धरू नकोस. गुडघा तसाच आहे, बीपी गोळीवर आहे, बाकी बरं.

४ तारखेला मेधाकडे पुण्याला चाललेय, चांगले चौदा दिवस. शेजारच्या वहिनीही गावाकडे जाणार. घर बंद, वर मे महिना, आणि हॉलमध्ये काकूंचा मनी प्लांट. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा काकूंनी तांदूळ धुतलेल्या पाण्यावर जगवलेला तोच वेल. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, नवीन आण. म्हणून तुलाच लिहितेय.

आधी तुझी उपडी बाटली, पाण्यानं भरून कुंडीत खोचायची ती. दिवाळीत त्यावरून आपण किती भांडलो! यंदा पुन्हा करून बघितली. लिटरची बाटली तासाभरात रिकामी, सगळं पाणी खालच्या बशीत. मग कुंडीत बोट घातलं तेव्हा कळलं. आपली काळी माती वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. त्या फटीतून पाणी सरळ खाली जातं, मुळांना लागतच नाही. बाटलीचं तोंड ओल्या मातीत घट्ट बसलं तरच आत हवा शिरत नाही आणि पाणी अडून राहतं. आजूबाजूची माती सुकली की थोडी हवा आत जाते, तेवढंच पाणी उतरतं. दुसऱ्यांदा आधी भरपूर पाणी घालून, कडेची माती दाबून मग बाटली खोचली, तर पाच दिवस पुरली. म्हणजे तुझं खरं होतं, फक्त ‘आधी माती भिजव’ हे तू सांगितलं नव्हतंस! तरी चौदा दिवसांचा भरवसा नाही. बाटली अर्धी झाली की दुपारच्या उन्हानं आतली हवा फुगते आणि पाणी बाहेर ढकलते.

म्हणून वात. दिव्यात तेल चढतं तसंच पाणी चढतं. प्लॅस्टिकच्या दोरीनं थेंबही ओढला नाही. चालली ती परकराची सुती नाडी, पण नवी कोरी नाही. तिला खळ असते, पाणी धरत नाही. ती उकळून, पिळून, तिचे दोन तुकडे ओले असतानाच लावले. प्रत्येकाचं एक टोक मातीत चार बोटं खोल, मुळांजवळ. दुसरं पाण्याच्या डब्याच्या तळाला, छोटा दगड बांधून.

पहिल्या रात्री डबा उंच स्टुलावर ठेवला आणि सकाळी फरशीवर तळं! डब्यातलं पाणी मातीच्या वर असलं की नाडी नळीसारखी वाहायला लागते. आता पाण्याची पातळी मातीच्या चार बोटं खालीच ठेवते. डबाही उभट नको, पसरट हवा. उभट डब्यात पाणी भराभर खाली जातं, नाडीला जास्त उंच ओढावं लागतं आणि शेवटच्या दिवसांत, नेमकं गरज असताना, पाणी कमी मिळतं.

किती पाणी लागेल, हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर काढलं. पाणी घालून निथळल्यावर कुंडी भरली ४ किलो २०० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ४ किलो ४०. म्हणजे दिवसाला १६० मिली, चौदा दिवसांचं सव्वादोन लिटर. मग कुंडी खिडकीपासून आत, देवघराच्या भिंतीला नेली, उजेड येतो पण ऊन नाही. तिथे दिवसाला ९० मिलीच लागलं, चौदा दिवसांना जेमतेम सव्वा लिटर. नुसत्या जागेनं निम्म्याच्या आसपास पाणी वाचलं, सुनंदा! तरी तीन लिटरचा डबा भरणार, मे महिन्याचा काय नेम. झाकणाला नाडीपुरतंच भोक पाडलंय, नाहीतर डास अंडी घालतील. उघडी नाडी वितभरापेक्षा जास्त ठेवली तर वाऱ्यानंच सुकते, म्हणून ती शहाळ्याच्या नळीतून ओवलीय.

आठ दिवस अशीच चालवून बघितली. रोज सकाळी मातीत बोट घालते, दोन पेरं खाली ओल लागते, वरून कोरडी. बरोबर तसंच पाहिजे. वरचीही माती चिखल राहिली असती तर दोनाऐवजी एकच नाडी ठेवली असती. स्नेक प्लांटला मात्र वात लावायची नाही, तो ओलीनं कुजतो. त्याला निघायच्या आदल्या दिवशी पाणी घालते, बस्स.

परागच्या लग्नाचं ठरलं का? हॉल मिळाला? अण्णांचा डोळा कसा आहे? पुण्याहून नक्की बोलू.

१८ ला परत आले की आधी दार उघडून मनी प्लांटलाच बघेन. खालच्या दोन गाठींना मुळं फुटलीयत, त्या कापून तुझ्यासाठी पाण्यात ठेवते. नांदेडला आणू की तू येतेस?

तुझी,
विमल