लाल गाल आणि उलटा सल्ला

महोदय,

कालच्या अंकात 'लाल गालांच्या मुलांना घरीच ठेवा' असा सल्ला वाचला. हे वरातीमागून घोडे झाले. पार्व्होव्हायरस बी-१९ या विषाणूच्या संसर्गात थप्पड बसल्यासारखे गाल लाल होतात, ते शरीरात प्रतिपिंडे तयार झाल्यावर. मूल विषाणू पसरवते त्याआधी, नुसते नाक गळत असते तेव्हा. पुरळ उठल्यावर हिंडते-फिरते मूल शाळेत गेले तर बिघडत नाही. हातापायांवरची जाळीदार पुरळ ऊन लागले की काही आठवडे पुन्हा पुन्हा उमटते. तोवर त्याने घरीच बसायचे का?

धोका शेजारच्या बाकावरच्या, सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला आहे, आणि हा आजार आदिवासी मुलांत अधिक आढळतो. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी आश्रमशाळा आपल्याच जिल्ह्यात असताना त्याचा उल्लेख तुमच्या बातमीत एका ओळीचाही नाही. हा विषाणू अस्थिमज्जेतील तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींत शिरतो आणि आठ-दहा दिवस उत्पादन बंद पाडतो. निरोगी मुलाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे त्याला पत्ताही लागत नाही. सिकलसेलमध्ये ती १० ते २० दिवसच टिकते. म्हणजे एरवी ८ हिमोग्लोबिन असलेले मूल आठवड्याभरात ४ वर येऊ शकते. त्याचे गाल लाल होतीलच असे नाही. ते पांढरेफटक पडते, धापा टाकते, छाती धडधडते. अशा वेळी लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नाही. हिमोग्लोबिनसोबत रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी मोजाव्यात. सिकलसेलमध्ये त्या एरवी वाढलेल्या असतात; इथे जवळजवळ शून्य दिसल्या की निदान समोर आहे. वेळेत रक्त चढवले तर मज्जा सहसा आपणहून सावरते. मात्र हे मूल दाखल होते तेव्हा विषाणू पसरवत असते, म्हणून त्याला वेगळ्या खोलीत ठेवावे आणि गरोदर परिचारिकेला तिथे कामाला लावू नये.

गरोदर शिक्षिकांना तुम्ही 'घाबरू नका' एवढेच सांगितलेत. आभारी आहोत! वर्गात रुग्ण आढळला की त्यांनी रक्तातील आयजीजी आणि आयजीएम ही प्रतिपिंडे तपासून घ्यावीत. फक्त आयजीजी असेल तर आजार पूर्वीच होऊन गेला, निश्चिंत राहावे. दोन्ही नसतील तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. आयजीएम, म्हणजे नुकत्याच झालेल्या संसर्गाची खूण, आढळले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूतील रक्तवाहिनीची डॉप्लर सोनोग्राफी दर एक-दोन आठवड्यांनी, दोन-तीन महिने करावी लागते. बाळाचे रक्त कमी झाले तर तिथला प्रवाह वेगवान होतो. संसर्ग पहिल्या २० आठवड्यांत झाला तर धोका अधिक. बहुतेक बाळे तरीही सुखरूप जन्मतात. गरज पडल्यास गर्भातच रक्त देता येते.

जाता जाता: बातमीसोबतचे छायाचित्र कुत्र्याच्या पिल्लाचे होते. कुत्र्यांचा पार्व्हो माणसाला होत नाही. आता लोक पिल्लांना घराबाहेर काढू लागतील, त्याआधी खुलासा छापा, आणि तोही मूळ बातमीच्याच पानावर.

एक बालरोगतज्ज्ञ,
गंगापूर रोड, नाशिक